मत्स्यपात्रातील पाणी किती लिटर?

रंगीत मासे पाळण्याचे काचेचे पात्र आपल्याकडे अजूनही फूट आणि इंच या मापांनीच विकले जाते. ‘दोन फुटी’, ‘तीन फुटी’ अशीच त्याची ओळख असते. लिटरचा आकडा विचारला, तर विक्रेता बहुधा लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून एक संख्या सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशा पात्रासाठी ही संख्या सुमारे ७० लिटर येते. परंतु त्या पात्रात रेव पसरून, दगड व लाकूड मांडून, नेहमीच्या पातळीपर्यंत पाणी भरले, तर प्रत्यक्षात सुमारे ५० लिटरच पाणी मावते. उरलेले २० लिटर कोठे गेले, याचा हिशेब पुढे मांडला आहे.

हा हिशेब केवळ गणिताच्या हौसेचा नाही. माशांना रोग झाला म्हणजे औषध थेट पाण्यात घालावे लागते, आणि त्याची मात्रा दर लिटरमागे ठरलेली असते. पोटॅशियम परमँगनेटचे उदाहरण घ्यावे. माशांच्या अंगावरील व कल्ल्यांवरील परोपजीवींसाठी ते लिटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात वापरण्याची रीत आहे. पात्रात ५० लिटर पाणी असताना ते ७० लिटर आहे असे समजून औषध घातले, तर ते २ ऐवजी २·८ मिलिग्रॅम या प्रमाणात पडते. परमँगनेट हे तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्य आहे. परोपजीवींना जाळण्याचा त्याचा जो गुण, तोच माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक पडद्यालाही जाळतो. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, आणि पाळणारा मात्र रोग बळावला असे समजून औषधाची दुसरी मात्रा घालतो.

बाहेरचे माप आणि आतले माप

शाळेच्या प्रयोगशाळेतील एका पात्राचे उदाहरण घेऊन सर्व पायऱ्या क्रमाने पाहू. पात्र बाहेरून ६१ सेंटिमीटर लांब, ३०·५ सेंटिमीटर रुंद आणि ३८ सेंटिमीटर उंच आहे. काच ६ मिलिमीटर, म्हणजे ०·६ सेंटिमीटर जाडीची आहे. चारही भिंती तळाच्या काचेवर उभ्या करून सिलिकोनने जोडलेल्या आहेत.

बाहेरच्या मापांचा गुणाकार केल्यास ७०,६९९ घन सेंटिमीटर येतात. १,००० घन सेंटिमीटर म्हणजे १ लिटर; म्हणून हे घनफळ ७०·७ लिटर झाले. (जुन्या पाठ्यपुस्तकांतून वाढलेल्या एखाद्या वाचकाला येथे शंका येईल. पूर्वी लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याच्या घनफळावरून केलेली होती, आणि त्यामुळे तो १,००० घन सेंटिमीटरांपेक्षा किंचित मोठा भरत असे. १९६४ मध्ये ही व्याख्या बदलून लिटर हा बरोबर १,००० घन सेंटिमीटरांचा ठरवण्यात आला. जुन्या व नव्या लिटरमधला फरक एका लाखात तीनहूनही कमी होता. माशांना तो जाणवण्यासारखा नाही.)

पाणी मात्र काचेच्या आत असते. लांबीच्या दोन्ही टोकांना एकेक काच आहे, म्हणून आतली लांबी ६१ वजा १·२, म्हणजे ५९·८ सेंटिमीटर. त्याचप्रमाणे आतली रुंदी २९·३ सेंटिमीटर. या दोन संख्यांचा गुणाकार १,७५२ चौरस सेंटिमीटर येतो. पुढील सर्व हिशेबात हीच संख्या पुन्हा पुन्हा कामास येणार आहे, म्हणून ती वहीत ठळक लिहून ठेवावी. तिचा अर्थ असा की, या पात्रात पाणी एक सेंटिमीटर चढले की १,७५२ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पावणेदोन लिटर पाणी वाढते.

आता उंची. येथे भिंतीची उंची मोजून उपयोगी नाही; आतील तळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावयास हवे. कोणतेही पात्र काठोकाठ भरत नाहीत. मासे उड्या मारतात, झाकणाला व दिव्याला जागा लागते, आणि काठापर्यंत चढलेल्या पाण्याचा दाब काचेच्या सांध्यांवर विनाकारण अधिक पडतो. आपल्या उदाहरणात पाणी काठाच्या ४·४ सेंटिमीटर खाली आहे, आणि आतील तळापासून त्याची खोली बरोबर ३३ सेंटिमीटर भरते. माप बाहेरून घेतल्यास फूटपट्टी टेबलावर टेकते आणि तळाच्या काचेची जाडी त्यात मिसळते. ती वजा करण्यास विसरू नये. रेव पसरल्यावर तळ दिसत नाही, म्हणून हे माप रेव घालण्यापूर्वीच घेऊन काचेच्या कोपऱ्यावर तळाची खूण करून ठेवणे सोयीचे.

१,७५२ गुणिले ३३ म्हणजे ५७,८१६ घन सेंटिमीटर, अर्थात ५७·८ लिटर. दगड नाही, रेव नाही, मासाही नाही. तरीही ७०·७ लिटरांतून सुमारे १३ लिटर कमी झाले. त्यातील पाच लिटरांहून थोडे अधिक काचेने व्यापले आहे, आणि पावणेआठ लिटरांच्या जागेत पाण्यावरची हवा आहे. एवढी मोठी वजाबाकी रेव व दगड यांचा विचार सुरू होण्यापूर्वीच होऊन जाते, हे ध्यानात घ्यावे. पुष्कळ लोक रेवेच्या हिशेबात बारकाई करतात आणि काठाखालच्या या रिकाम्या पट्ट्याकडे मात्र दुर्लक्ष करतात.

रेव पाण्याची किती जागा घेते?

पात्राच्या तळाशी नदीतली बारीक रेव पसरलेली आहे. दर्शनी काचेशी तिचा थर ४ सेंटिमीटर, आणि मागील काचेशी ७ सेंटिमीटर आहे. मागे उंच व पुढे उतरता असा थर देण्याची पद्धत आहे, कारण त्यामुळे दृश्याला खोली येते आणि कचराही पुढे गोळा होऊन काढता येतो. उतार सरळ असेल, तर सरासरी जाडी दोहोंच्या मध्यावर, म्हणजे ५·५ सेंटिमीटर धरावी. उतार वाकडातिकडा असल्यास बाजूच्या काचेतून पाच-सहा ठिकाणी जाडी मोजून सरासरी काढावी.

१,७५२ गुणिले ५·५ म्हणजे ९,६३६ घन सेंटिमीटर. रेवेचा थर ९·६ लिटर जागा व्यापतो. तेव्हा पाण्यातून ९·६ लिटर वजा करावेत काय? पुष्कळ जण तसेच करतात, आणि येथेच चूक होते. ती चूक कशी, हे एका सोप्या प्रयोगाने दिसून येते.

पात्र रिकामे असताना त्यात मोजून ३० लिटर स्वच्छ पाणी ओतावे. ते १७·१ सेंटिमीटर खोल होईल. काचेवर कागदाच्या पट्टीने पातळीची खूण करावी. आता धुऊन वाळवलेली सर्व रेव हळूहळू पाण्यात सोडावी, हाताने ढवळून तिच्यातील हवेचे बुडबुडे बाहेर घालवावेत, आणि नंतर ती सारखी पसरावी. रेवेचा थर साडेपाच सेंटिमीटर जाडीचा आहे, म्हणजे पाणीही साडेपाच सेंटिमीटर चढेल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात ते सुमारे ३·३ सेंटिमीटरच चढते.

कारण उघड आहे. रेवेचा थर म्हणजे एकसंध दगड नव्हे. खड्यांच्या मधल्या फटींत पाणी शिरते, आणि ते पाणीही पात्रातील पाण्याचाच भाग असते. औषध त्यात पसरते, माशांची घाणही त्यात उतरते. जागा अडवतो तो केवळ खड्यांचा घन भाग. पाणी ३·३ सेंटिमीटर चढले, याचा अर्थ १,७५२ गुणिले ३·३, म्हणजे जवळजवळ ५·८ लिटर एवढाच घन भाग थरात आहे. थराच्या ९·६ लिटरांशी त्याचे प्रमाण शेकडा ६० पडते. उरलेले शेकडा ४० म्हणजे पोकळी होय.

हे शेकडा ६० आणि ४० चे प्रमाण या एका रेवेपुरते खरे नाही. गोल, एकाच आकाराचे कण भांड्यात नुसते ओतले, तर त्यांचा घन भाग सर्वसाधारणपणे शेकडा ६० च्या आसपास असतो, आणि भांडे ठोकून हलवले तर तो शेकडा ६४ पर्यंत जातो. १९६० मध्ये जी. डी. स्कॉट यांनी पोलादी गोळ्या भांड्यांत भरून जी मोजणी प्रसिद्ध केली, तीतून हेच दोन आकडे पुढे आले. गोळे एकेक करून अत्यंत पद्धतशीर रचले, फळविक्रेता संत्र्यांचा ढीग रचतो तसे, तर घन भाग शेकडा ७४ पर्यंत पोहोचतो. याहून दाट रचना शक्य नाही असे अनुमान केप्लरने १६११ मध्ये केले होते. त्याची सिद्धता टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये जाहीर केली. एवढ्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला जवळजवळ चार शतके लागली. पात्रात रेव ओतणारा मात्र खडे रचत बसत नाही, म्हणून त्याच्या थरात ७४ चा आकडा कधीच येत नाही.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, पोकळीचे हे प्रमाण खड्यांच्या लहानमोठेपणावर अवलंबून नसते. मोठ्या गारगोट्यांच्या थरात फटी मोठ्या दिसतात, म्हणून त्यात पाणी अधिक मावत असावे असे वाटते. बारीक वाळूत फट दिसतच नाही. परंतु मोठ्या खड्यांत फटी मोठ्या आणि थोड्या असतात, वाळूत त्या लहान आणि असंख्य असतात, आणि सर्व कण एकाच आकाराचे असतील तर दोहोंची बेरीज सारखीच येते. छायाचित्र लहान वा मोठे केल्याने त्यातील वस्तूंची परस्पर प्रमाणे बदलत नाहीत, तसेच हे आहे. फरक पडतो तो निराळ्या कारणाने. मोठ्या गारगोट्यांत बारीक वाळू मिसळली, तर वाळू त्या फटींत जाऊन बसते आणि पोकळी बरीच कमी होते. उलट टोकदार, कोनदार खडी एकमेकींस अडून राहते, म्हणून तिच्यात पोकळी थोडी अधिक असते.

आपल्या रेवेतील पोकळी किती, हे ठरवण्यासाठी संपूर्ण पात्र वापरण्याची गरज नाही. एक लिटरचे माप कोरड्या रेवेने काठोकाठ भरावे, पातळी हाताने सारखी करावी, आणि दुसऱ्या मापातून त्यात पाणी हळूहळू ओतत राहावे. पाणी रेवेच्या पृष्ठभागाशी आले की थांबावे. ४०० मिलिलिटर पाणी मावले, तर पोकळी शेकडा ४०. रेव ओली असेल तर तिच्यात अगोदरच काही पाणी असते आणि उत्तर कमी येते, म्हणून ती उन्हात चांगली वाळवून घ्यावी. बुडबुडे अडकून राहिले तरीही उत्तर कमी येते. यासाठी ओतताना माप अधूनमधून हलके ठोकावे. फार जोराने ठोकल्यास रेव खाली बसून पोकळीच बदलते, तेही टाळावे.

तराजूची रीत

थराची जाडी मोजण्यात एक अडचण राहतेच. रेव ओतली तेव्हा सैल असते आणि काही दिवसांनी दाबून बसते. थराची उंची कमी होते, पोकळीचे प्रमाणही कमी होते. परंतु खड्यांचा घन भाग होता तेवढाच राहतो. तेव्हा बदलणाऱ्या दोन गोष्टी मोजून न बदलणारी तिसरी काढण्यापेक्षा, ती तिसरी थेट मोजावी हे बरे. यासाठी तराजू पुरतो.

नदीतील रेव मुख्यतः गारेची, म्हणजे क्वार्ट्‌झची असेल, तर तिच्या घन भागाचे वजन दर घन सेंटिमीटरला २·६५ ग्रॅम असते. पात्रात घालण्यापूर्वी रेव कोरडी असताना तोलली आणि ती १५·३ किलोग्रॅम भरली, तर १५·३ ला २·६५ ने भागून ५·८ लिटर हे उत्तर मिळते. पाणी चढण्याच्या प्रयोगातून आलेली संख्याही हीच होती. पुढे रेव पुढे सरकवली, मागे ढकलली, किंवा तिचा डोंगर केला, तरी हा आकडा बदलत नाही. म्हणून नवे पात्र मांडणाऱ्याने पिशवीतील रेव तोलून तिचे वजन लिहून ठेवावे. एवढे एक काम केले की पुढील पुष्कळसा त्रास वाचतो.

दख्खनच्या काळ्या दगडाची, म्हणजे बसाल्टची खडी असल्यास भाजक २·९ च्या जवळपास घ्यावा लागतो. जांभा, भाजलेल्या मातीचे गोळे किंवा सच्छिद्र लाव्हा असेल, तर ठरावीक भाजक चालत नाही, कारण अशा दगडाच्या अंगातही छिद्रे असतात आणि ती पाणी शोषतात. तेथे प्रत्यक्ष बुडवूनच मोजावे.

दगड, लाकूड आणि मडके

शोभेच्या वस्तूंचे आकार वेडेवाकडे असतात, त्यांना लांबी-रुंदी-उंची लावता येत नाही. येथे आर्किमिडीजची रीत उपयोगी पडते. वस्तू पूर्ण बुडेल अशी बादली काठोकाठ भरून परातीत ठेवावी, वस्तू दोरीने बांधून हळूहळू आत सोडावी, आणि परातीत सांडलेले पाणी मोजावे. बादलीच्या कडेवर पाण्याचा फुगवटा राहतो, त्यामुळे या रीतीने लहान वस्तूंत चूक होते. दगडांसाठी अधिक चांगला मार्ग ताणकाट्याचा आहे. दगड काट्याला टांगून प्रथम हवेत तोलावा, नंतर तो संपूर्ण पाण्यात बुडवून, तळाला न टेकू देता, पुन्हा तोलावा. हवेत १,४५० ग्रॅम आणि पाण्यात ९५० ग्रॅम भरला, तर ५०० ग्रॅमची घट ही त्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन होय. आणि तेवढेच घन सेंटिमीटर त्याचे घनफळ. आपल्या पात्रातील तीन काळे दगड मिळून ४·३५ किलोग्रॅम वजनाचे आहेत आणि त्यांचे घनफळ १·५ लिटर भरते.

लाकूड कोरडे असताना तरंगते, म्हणून ते अगोदर काही दिवस, कधी काही आठवडे, पाण्यात मुरवून बुडण्याजोगे झाल्यावर मोजावे. त्याचा जो भाग पाण्याच्या वर डोकावतो तो हिशेबात धरू नये; बादलीतही तेवढाच भाग बाहेर ठेवून मोजल्यास प्रश्न मिटतो. येथील ओंडक्याचे घनफळ ०·८ लिटर आहे. तिसरी वस्तू म्हणजे माशांना लपण्यासाठी आडवे ठेवलेले मातीचे मडके. बाहेरून पाहता ते दीड-दोन लिटर जागा घेते असे वाटेल. पण ते पोकळ असून आत पाणी भरलेले आहे, म्हणून केवळ त्याच्या भिंतीची माती वजा होते. ती ०·३ लिटर आहे. मात्र मडके उपडे ठेवले आणि त्यात हवा कोंडली, तर त्या हवेचेही घनफळ वजा करावे लागेल.

या तिन्ही वस्तूंची बेरीज २·६ लिटर झाली. एक बारीक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. दगडांचा खालचा भाग रेवेत पुरलेला असतो. रेव तराजूने मोजली असेल, तर त्याने काही बिघडत नाही. रेव वेगळी, दगड वेगळे, दोन्ही घन भागांची बेरीज करावी. पण रेव थराच्या जाडीवरून काढली असेल, तर पुरलेल्या दगडाची जागा दोनदा मोजली जाते: एकदा रेव म्हणून आणि एकदा दगड म्हणून. मोठे खडक खोल पुरलेल्या पात्रांत ही चूक दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

रेवेखाली जाळीची गाळणी बसवलेली असल्यास तिच्या तबकाखाली पाण्याची पोकळ जागा असते. अशा वेळी रेवेची जाडी काचेच्या तळापासून न मोजता तबकापासून मोजावी. वजन करून हिशेब करणाऱ्याला हीही काळजी नाही.

अंतिम वजाबाकी आणि पडताळा

५७·८ मधून रेवेचे ५·८ गेले, ५२·० राहिले. त्यातून दगड, लाकूड व मडके यांचे २·६ गेले, ४९·४ लिटर राहिले. माशांचे घनफळ वजा करण्याची आवश्यकता नाही. बोटभर लांबीचे दहा मासे मिळूनही काही थोडे घन सेंटिमीटरच होतात.

हे उत्तर कितपत खरे? पाण्याची खोली मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली, तर उत्तरात ०·१७५ लिटरचा फरक पडतो. फूटपट्टीने काचेमागचे पाणी मोजताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणे सहज शक्य आहे. पाणी काचेशी किंचित वर चढते आणि काचेतून पाहताना डोळा पातळीच्या वरखाली असला तरी वाचन बदलते. म्हणून ४९·४ मधला शेवटचा आकडा फारसा विश्वासाचा नाही, आणि ४९·४३८ असे लिहिणे हे अचूकतेचे नुसते सोंग ठरेल. ‘साडेएकोणपन्नास लिटर, अर्धा लिटर कमीअधिक’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल.

पडताळा पाहण्याचा उत्तम मार्ग म्हणजे सर्व मांडणी झाल्यावर पाणी मोजून भरणे. पाच लिटरचा डबा नऊ वेळा पूर्ण आणि दहाव्या वेळी ४·६ लिटर असा ओतून पाणी खुणेपर्यंत आले, तर एकूण ४९·६ लिटर झाले. हिशेब जुळला असे समजावे. फरक दोन लिटरांहून अधिक निघाला, तर बहुधा कोठेतरी बाहेरचे माप आतले म्हणून घेतलेले असते, किंवा रेवेखाली हवा अडकलेली असते. डबा खरोखर पाच लिटरचा आहे की नाही हेही तराजूवर पाहून घ्यावे. पाच लिटर पाण्याचे वजन पाच किलोग्रॅमच्या अगदी जवळ असते.

भरलेल्या पात्रात, जेथे आता काहीच उपसता येत नाही, तेथेही एक अर्धा पडताळा शक्य आहे. पाणी बदलताना दहा लिटर मोजून काढावे आणि पातळी किती उतरली ते पाहावे. आपल्या पात्रात ती ५·७ सेंटिमीटर उतरली पाहिजे. अधिक उतरली, तर त्या पट्ट्यात लाकडाचा किंवा दगडाचा भाग आलेला आहे. याने वरच्या पट्ट्याचा हिशेब तपासला जातो; तळाचा मात्र नाही.

आता परमँगनेटकडे परत येऊ. ४९·४ लिटरांना २ मिलिग्रॅमप्रमाणे ९९ मिलिग्रॅम औषध लागेल. विक्रेत्याच्या ७०·७ लिटरांवर विसंबणारा १४१ मिलिग्रॅम घालील. ते लिटरला २·९ मिलिग्रॅमच्या जवळ जाते. उलट रेवेचा संपूर्ण थर वजा करणाऱ्याचे उत्तर ४५·६ लिटर येईल. तो ९१ मिलिग्रॅम घालील आणि लिटरला १·८५ मिलिग्रॅम एवढे औषध पडेल. या दोन चुकांत पहिली भयंकर आहे, दुसरी सौम्य. पण रेवेचा थर पंधरा सेंटिमीटर असेल, वनस्पती लावलेल्या काही पात्रांत तो तेवढा असतोही, तर दुसरी चूकही मोठी होते. औषध अपुरे पडते आणि रोग टिकून राहतो. (परमँगनेट रेवेतील सेंद्रिय कचऱ्यावरही खर्च होते व पाणी तपकिरी होते, म्हणून अनेक जाणते लोक मासे वेगळ्या, उघड्या तळाच्या भांड्यात काढून तेथे उपचार करतात. तेथे हिशेब लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली एवढाच उरतो.) साध्या मिठाच्या बाबतीत, जे लिटरला एक-दोन ग्रॅम घालतात, एवढी बारकाई लागत नाही, गोड्या पाण्यातील बहुतेक मासे तेवढा फरक सहन करतात.

परदेशी औषधाच्या वेष्टनावर प्रमाण गॅलनमध्ये दिलेले असते, तेव्हा गॅलन कोणता हे पाहावे. ब्रिटिश गॅलन ४·५४६ लिटरांचा, अमेरिकन ३·७८५ लिटरांचा. एकाऐवजी दुसरा धरला, तर वर केलेली सारी काळजी पाचव्या हिश्शाच्या चुकीत बुडून जाते.

टेबल किती भार पेलील, हे पाहताना मात्र हीच वजाबाकी उलट दिशेने जाते. रेव ५·८ लिटर पाणी बाजूस सारते, पण त्या जागी १५·३ किलोग्रॅम दगड आणून ठेवते. पाणी ४९·४, रेव १५·३, तीन दगड ४·३५, लाकूड व मडके मिळून दीड, आणि काच जवळजवळ १३ किलोग्रॅम: एकूण ८३ किलोग्रॅमच्या वर भार झाला. पाणी कमी, म्हणून पात्र हलके, असे समजून तकलादू मेज निवडू नये.

शेवटची गोष्ट पातळीची. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी एका आठवड्यात एक-दोन सेंटिमीटर उतरते. दोन सेंटिमीटर म्हणजे साडेतीन लिटर. औषध घालताना पातळी त्या दिवशी कोठे आहे ते पाहिले पाहिजे. पात्र मांडल्याच्या दिवशीचा आकडा तेव्हा लागू पडत नाही. यासाठी मागील काचेच्या कोपऱ्यावर बाहेरून कागदाची उभी पट्टी चिकटवावी आणि तिच्यावर सेंटिमीटरऐवजी लिटरच लिहावेत. ३३ सेंटिमीटरच्या खुणेशी ४९·४. त्याखाली दर सेंटिमीटरला पावणेदोन वजा करीत ४७·७, ४५·९, ४४·२. जेथून ओंडक्याचे टोक सुरू होते तेथे दोन खुणांमधील फरक किंचित कमी होईल. तेवढ्या भागात पाणी मोजून ओतावे आणि जसे भरेल तसे आकडे पट्टीवर मांडावेत.